पाळी गेली, आता कसाले तपासनी? चाळिशी-पन्नाशीतल्या बायांचे नेहमीचे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, गर्भपिशवीच्या तोंडाची आणि छातीची तपासणी हे माझं रोजचं काम. तिशीतल्या पोरी बाळंतपणाच्या, तांबीच्या निमित्ताने दवाखान्यात येत-जात असतात म्हणून त्यांची तपासणी होऊन जाते, पण पाळी गेली की बाई दवाखान्याकडे फिरकतच नाही. आशाताईने घरी जाऊन फॉर्म भरला, तारीख दिली, तरी उत्तर ठरलेलं, "मनी पाळी बंद व्हई गयी, आते कसाले तपासनी?" म्हणून कॅम्पात, ओपीडीत, फोनवर जे विचारलं जातं ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवते.

पाळी बंद झाली म्हणजे पिशवीचं काम संपलं, मग कॅन्सर कुठून होणार?

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा पाळीशी संबंध नाही. तो होतो एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे, आणि हा व्हायरस शरीरसंबंधातून बहुतेक सगळ्या बायांना कधी ना कधी लागतोच. बहुतेकींच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या बायांमध्ये मात्र तो जात नाही, तिथेच तोंडाच्या पेशींमध्ये बसून राहतो आणि हळूहळू त्या पेशी बिघडवतो, आणि व्हायरस लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण 15 ते 20 वर्षं जातात.

आता हिशोब तुम्हीच करा. पस्तिशीत लागलेला आणि न गेलेला व्हायरस आपलं खरं रूप दाखवणार पन्नाशी-पंचावन्नला, म्हणजे बरोबर पाळी गेल्यानंतर. त्यासाठी नवीन काही व्हायला लागत नाही, जुनंच आत चाललेलं असतं आणि बाईला त्याचा पत्ता नसतो कारण त्या काळात ना दुखतं ना खुपतं. तपासणी त्या मधल्या वर्षांसाठीच आहे, पेशी बिघडल्यात पण कॅन्सर अजून झालेला नाही, तेव्हा तेवढा भाग काढला की विषय संपतो.

छातीचं कारण वेगळं आहे. तिथे वय हीच मोठी जोखीम. आपल्याकडे छातीचा कॅन्सर परदेशातल्या बायांपेक्षा लवकरच्या वयात दिसतो हे खरं, पण म्हणून साठीला तो होत नाही असं अजिबात नाही.

कोणती तपासणी आणि किती वर्षांनी?

सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर 5 वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाची व्हीआयए (आपण जिला व्हिनेगरची टेस्ट म्हणतो) आणि हाताने छातीची तपासणी करायची असं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा पीएचसीला हे फुकट होतं. बाहेर करत असाल तर पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी ब्रशने घेऊन काचेवर बघायची टेस्ट, दर 3 वर्षांनी, एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आली तर पुढची 5 वर्षांनी. मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा खास एक्स-रे, सरकारी नेहमीच्या तपासणीत नाही, पण ज्यांना शक्य आहे त्यांनी चाळिशीपासून दोन वर्षांनी एकदा करावी, असा सल्ला बरेच डॉक्टर देतात.

हे वेळापत्रक काही त्रास नसलेल्या बाईसाठी आहे. गाठ लागली, रक्त गेलं, तर 5 वर्षं मोजत बसायचं नाही, लगेच यायचं.

कॅम्पात व्हिनेगरची टेस्ट झाली, सिस्टर म्हणाली ठीक आहे. मग परत का बोलवता?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्हीआयएत आम्ही काय करतो? टेबलावर झोपवून स्पेक्युलम घालतो, पिशवीचं तोंड दिसलं की 5 टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर धरतो. हे पाणी आम्ही रोज ताजं करतो, 95 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 5 मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबतो. बिघडलेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा पडतो, चांगला भाग गुलाबीच राहतो. बस्स, एवढीच टेस्ट.

पण पांढरा डाग कुठे शोधायचा? तोंडाच्या बाहेरची कातडी गुळगुळीत गुलाबी असते आणि आतल्या नळीचं अस्तर लालसर. ही दोन जिथे मिळतात तिथे एक रेघ असते, आणि कॅन्सरच्या आधीचे बदल जवळजवळ नेहमी त्या रेघेच्या आसपासच सुरू होतात. तरुण बाईत ही रेघ बाहेर, डोळ्यासमोर असते. पाळी जाताना अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, पिशवीचं तोंड आकसतं आणि ती रेघ सरकत सरकत नळीच्या आत जाते. मग स्पेक्युलम घालून मी कितीही टॉर्च मारला तरी ती पूर्ण दिसत नाही. मला दिसतो फक्त बाहेरचा गुळगुळीत भाग, तो पांढरा झाला नाही, पण जिथे बघायला पाहिजे होतं ते मी बघितलेलंच नाही.

अशा वेळी कार्डावर "निगेटिव्ह" लिहिणं चुकीचं आहे. "रेघ पूर्ण दिसली नाही" असं लिहून बाईला पुढे पाठवायला पाहिजे. कॅम्पात शंभर बाया रांगेत असतात, घाई असते, आणि पन्नाशीच्या बाईला नुसतं "ठीक आहे माय, जा" सांगितलं जातं. म्हणून तुमचं वय 50 च्या आसपास असेल किंवा पाळी गेली असेल तर टेस्ट झाल्यावर सिस्टरला सरळ एकच विचारा, "रेघ पूर्ण दिसली का?" दिसली असेल तर छान. नसेल तर ती टेस्ट झाली असं धरू नका.

मग आमच्या वयाला कोणती टेस्ट बरी?

मिळत असेल तर एचपीव्ही. तिच्यात रेघ दिसायची गरज नाही, कारण ती डोळ्याने बघायची टेस्टच नाही, छोट्या ब्रशने तोंडावरचा स्राव घेऊन त्यात व्हायरस आहे का ते मशीनवर बघतात. काही ठिकाणी बाई स्वतःच पडद्याआड जाऊन नमुना घेऊ शकते, ज्यांना टेबलावर झोपायची लाज वाटते त्यांच्यासाठी हे फार सोयीचं.

आणि याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायांवर मोठा अभ्यास झाला, 2009 मध्ये छापून आला. गावांचे गट पाडले, कुठे एचपीव्ही, कुठे पॅप, कुठे व्हीआयए, आणि एका गटात नेहमीचंच. 8 वर्षांनी बघितलं तर आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरने गेलेल्या बाया नेहमीच्या गटाच्या साधारण निम्म्या होत्या. एकदाच केलेल्या पॅप आणि व्हीआयएत तेवढा ठळक फरक दिसला नाही. त्या पण आपल्यासारख्याच शेतात जाणाऱ्या बाया होत्या, म्हणून मला हा अभ्यास सांगायला आवडतो.

व्हीआयए वाईट आहे असं नाही बरं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने दर दोन वर्षांनी व्हीआयए करून बघितली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. रेघ दिसते तोवर आणि पुन्हा पुन्हा केली तर ती उपयोगाचीच आहे.

पॅपच्या रिपोर्टवर "अनसॅटिसफॅक्टरी, एट्रॉफिक" लिहिलंय. कॅन्सर आहे का?

नाही. पण "नॉर्मल" पण नाही, हे लक्षात घ्या. इस्ट्रोजेन कमी झालं की आतली कातडी पातळ आणि कोरडी होते, ब्रशला पेशी कमी लागतात आणि ज्या लागतात त्या कच्च्या, आकसलेल्या असतात, त्यामुळे काचेवर बघणाऱ्या डॉक्टरला ठाम काही सांगता येत नाही. कधी कधी अशा पेशी बिघडलेल्यांसारख्या पण दिसतात. मग डॉक्टर दोन-तीन आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम आत लावायला देतात, कातडी जरा भरते, आणि पॅप परत घेतात. क्रीम टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद करायचं. हे क्रीम आपल्या मनाने मेडिकलवरून आणू नका. छातीचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा खालून रक्त जात असेल तर डॉक्टरला आधी सांगा.

"इनफ्लमेटरी स्मिअर" म्हणजे सूज, तो पण कॅन्सरचा रिपोर्ट नाही. त्या एका शब्दावर पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

एखादी खरी केस सांगा ना, म्हणजे पुढे काय काय होतं ते कळेल.

सांगते, नाव-गाव सोडून. वय 53, केळीच्या मळ्यात मजुरी, पाळी जाऊन चार वर्षं झालेली, आयुष्यात एकदाही तपासणी नाही. स्वतःसाठी आलीच नव्हती, सुनेला तपासायला घेऊन आली होती. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही पण बसा ना." तर म्हणे, "माले काहीच तरास नही." सुनेने आग्रह केला म्हणून झोपली.

व्हीआयए केली, बाहेरचा भाग अगदी स्वच्छ, पण रेघ कुठेच दिसेना. मी कार्डावर तसंच लिहिलं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे पॅप घेतला, तो अनसॅटिसफॅक्टरी आला. इथेच निम्म्या बाया गळतात, कारण एक दिवसाची मजुरी बुडवून, बस धरून गेलं आणि हातात काय तर "परत या". ही पण कंटाळली होती, आशाताईने दोनदा घरी जाऊन समजावलं. क्रीम लावून तीन आठवड्यांनी पॅप आणि एचपीव्ही दोन्ही केलं. पॅपमध्ये हाय ग्रेड, म्हणजे जास्त बिघडलेल्या पेशींचे बदल आणि एचपीव्ही 16 पॉझिटिव्ह. 16 आणि 18 हे दोन नंबर सगळ्यात त्रासदायक, पिशवीच्या तोंडाच्या दहापैकी सात कॅन्सरमागे हेच असतात.

मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून बघणं. तिथेही रेघ आतच, रिपोर्टवर "टीझेड टाईप 3" लिहिलं, याचा अर्थ बदलाची जागा नळीत लपली आहे. नळीच्या आतून खरवडून नमुना घेतला, त्यात पण बिघडलेल्या पेशी निघाल्या. तरुण बायांना अशा वेळी गरम प्रोबने तो भाग जाळून मोकळं करता येतं, पण जो भाग दिसतच नाही तो जाळायचा कसा? अर्धवट जळालं आणि आत राहून गेलं तर घात. म्हणून तिला लीप केलं, म्हणजे करंटच्या तारेच्या कडीने नळीसकट तो भाग कापून काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट आला सीआयएन 3, म्हणजे कॅन्सरच्या अगदी आधीची पायरी, आणि कापलेल्या कडा स्वच्छ. पिशवी जागेवर, केमो नाही, रेडिएशन नाही.

पण सुट्टी नाही मिळाली तिला. सहा महिन्यांनी एचपीव्ही, मग दरवर्षी, लागोपाठ तीन निगेटिव्ह आल्या की मग दर तीन वर्षांनी. हे पुढे 25 वर्षं चालू ठेवायचं असतं, कारण एकदा असा बदल झालेल्या बाईला पुढे धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. ती येते अजून, आखाजीला लेक माहेरी आली की तिला सोबत घेऊन.

बाहेरून सगळं स्वच्छ आणि आत सीआयएन 3. त्या दिवशी मी कार्डावर "निगेटिव्ह" लिहिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आली म्हणजे नवरा बाहेर जातो का? घरात भांडण लागलंय.

या टेस्टवरून असं काही सिद्ध होत नाही, कृपा करून भांडू नका. हा व्हायरस वीस-पंचवीस वर्षं गप्प पडून राहू शकतो आणि वय झाल्यावर परत दिसायला लागतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला असू शकतो, कोणाकडून कोणाला आला ते कोणतीच लॅब सांगू शकत नाही. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, पॉझिटिव्ह म्हणजे आता नीट बघायला पाहिजे, एवढंच.

नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तसले संबंध नाहीत. तरी तपासायचं?

हो. वर सांगितलं तसंच, व्हायरस जुना असतो. आपल्याकडे विधवा बाईला ही तपासणी सांगितली की तिला आणि घरच्यांना पण अवघड वाटतं, जसं काही आपण तिच्या चालीवर शंका घेतोय, म्हणून मी त्यांच्याशी नेहमी आत पडद्यामागे, एकटीशी बोलते. या बाया सगळ्यात जास्त सुटतात आणि सगळ्यात उशिरा येतात.

माझी पिशवी काढलीय. मी तर सुटले ना?

बघावं लागेल. आपल्या भागात अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बाया खूप. त्यातल्या कितीतरी जणींना तोंडासकट काढली की तोंड ठेवून हेच माहीत नसतं. तोंड ठेवलं असेल तर तपासणी बाकीच्यांसारखीच चालू. तोंडासकट काढली, आणि साध्या कारणासाठी, म्हणजे फायब्रॉईड वगैरे, आणि आधी कधी हाय ग्रेड बदल नव्हते, तर त्या तोंडाची तपासणी आता नको. कॅन्सर किंवा त्याच्या आधीच्या बदलांसाठी काढली असेल तर योनीमार्गाच्या वरच्या टोकाची तपासणी चालू ठेवावी लागते.

डिस्चार्ज कार्ड शोधा. नाहीच सापडलं तर स्पेक्युलमने दोन मिनिटांत कळतं तोंड आहे का नाही.

आणि ज्यांना आता पिशवी काढायला सांगितलंय त्यांनी दोन गोष्टी मागून घ्या, ऑपरेशनच्या आधी पॅप किंवा एचपीव्ही, आणि ऑपरेशननंतर काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. आधी न तपासता साधी पिशवी काढली आणि आत कॅन्सर निघाला तर ते ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचा इलाज अवघड होतो. मी असे घरचे लोक रडताना बघितले आहेत, फार वाईट वाटतं कारण एका साध्या टेस्टने आधी कळलं असतं.

छातीची तपासणी मात्र पिशवी काढली तरी सुटत नाही, तिचा आणि पिशवीचा काही संबंध नाही.

फार दुखतं म्हणतात.

पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणामुळे जरा जास्त जाणवतं, हे खरंय. तुम्ही सिस्टरला आधीच सांगा की पाळी गेलीय, कोरडं वाटतं. आम्ही लहान साईजचं स्पेक्युलम घेतो, कोमट पाण्यात ओलं करतो, हळू घालतो. दुखलं तर "थांबा" म्हणा, थांबतो आम्ही. व्हिनेगरच्या पाण्याने जराशी आग होते, ती जाते. एखादा दिवस गुलाबी डाग पडू शकतो.

छातीची हाताने तपासणी, त्यात काय कळतं? सोनोग्राफी नको का थेट?

नीट केली तर बरंच कळतं. आधी बसवून नुसतं बघायचं, हात खाली, मग हात डोक्यावर, कुठे खड्डा पडतो का, बोंड आत ओढलं गेलंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली का. मग झोपवून तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलका, मग मधला, मग खोल दाब देत पूर्ण छाती आणि काख. पदराआडून दहा सेकंदात हात फिरवला ती तपासणी नव्हे, तशी कोणी केली तर परत करायला सांगा, लाजू नका.

मुंबईत टाटाने 1998 पासून दीड लाखाच्या वर बायांमध्ये हेच करून बघितलं, डॉक्टर नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका, दर दोन वर्षांनी. वीस वर्षांचा हिशोब 2021 मध्ये आला. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूंमधला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण वय वेगवेगळं करून बघितलं तर 50 आणि पुढच्या बायांमध्ये छातीच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे ज्या वयात बाया "आता कशाला" म्हणतात त्याच वयात हाताच्या तपासणीचा उपयोग जास्त.

कारण पण समजण्यासारखं आहे. तरुण छातीत दुधाच्या ग्रंथी दाट असतात, सगळंच गाठीगाठीचं लागतं. पाळी गेली की ग्रंथी आटतात, त्या जागी चरबी येते, छाती मऊ होते आणि वेगळी गाठ हाताला पटकन लागते. पिशवीच्या तोंडाचं पाळी गेल्यावर लपतं, छातीचं उलट उघडं पडतं.

मॅमोग्राफीत पण तसंच का?

हो, अगदी तसंच. एक्स-रेत ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि कॅन्सर पण पांढराच दिसतो, चाळिशीत दाट छाती असेल तर पांढऱ्यात पांढरं शोधायचं, म्हणून तेव्हा सोबत सोनोग्राफी लागते. पाळी गेल्यावर चरबीचा भाग काळसर दिसतो आणि त्यात गाठ उठून दिसते. पण सगळ्याच बायांची छाती मऊ होत नाही, रिपोर्टमध्ये "डेन्स" लिहिलं असेल तर डॉक्टरला विचारा सोनोग्राफी लागेल का.

प्रत्येक छातीचे दोन फोटो, दोन पट्ट्यांमध्ये दाबून, काही सेकंद दाब जोरात लागतो. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ लावू नका, त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात.

रिपोर्टवर बायरॅड्स नंबर असतो. 1 आणि 2 म्हणजे काळजी नाही. 0 बघून लोक खूष होतात नाहीतर घाबरतात, 0 म्हणजे "अजून पूर्ण कळलं नाही, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी करा". 3 म्हणजे बहुतेक साधीच गाठ, सहा महिन्यांनी परत बघायचं, आणि ते सहा महिने खरंच पाळायचे, कापूस वेचणी संपू द्या म्हणत वर्ष घालवायचं नाही. 4 आणि 5 म्हणजे सुईने तुकडा घेऊन तपासायचा. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो ही भीती डोक्यातून काढून टाका, तसं होत नाही. उलट न तपासता गाठ कापून फेकून दिली, पॅथॉलॉजीला पाठवलीच नाही, यात खरं नुकसान आहे.

गाठ आहे पण दुखत नाही. थांबू का?

नको. छातीच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, दुखत नाही म्हणून साधी असं धरणारी बाई उशिरा येते. आठवड्याभरात दाखवा.

घरी महिन्यातून एकदा स्वतः हात फिरवून आपली छाती ओळखीची ठेवा. पाळी येत असेल तर पाळी सुरू झाल्यापासून साधारण आठवड्याने, तेव्हा छाती कमी दुखरी असते. पाळी गेली असेल तर एक तारीख धरा, कोणी एकादशी धरतं, काही हरकत नाही. पण याने तपासणीची जागा भरून निघत नाही.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि परवा लाल डाग दिसला. पाळी परत आली का?

नाही, वर्षभर पाळी बंद राहिल्यावर येणारं रक्त पाळीचं धरायचं नाही. एक थेंब असला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. बऱ्याचदा कोरडेपणामुळेच असतं, पण पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर असाच डाग दाखवून सुरू होतो. आणि हे नीट लक्षात ठेवा, त्या कॅन्सरसाठी व्हीआयए, पॅप, एचपीव्ही यातली कोणतीच टेस्ट भरवशाची नाही. त्यासाठी आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात, 4 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा रक्त परत परत येत असेल तर अस्तराचा नमुना घेतात. गेल्या महिन्यात एचपीव्ही निगेटिव्ह आली होती म्हणून हा डाग सोडून द्यायचा नाही.

मग हे कधी थांबवायचं? मरेपर्यंत का?

नाही. पिशवीच्या तोंडाचं आपल्या कार्यक्रमात 65 पर्यंत आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पन्नाशीनंतर ठरलेल्या अंतराने लागोपाठ दोन टेस्ट निगेटिव्ह आल्या की थांबता येतं. म्हणजे थांबायचा हक्क आधी टेस्ट केलेल्या बाईला. जिची साठीपर्यंत एकदाही झाली नाही तिने "आता वय झालं" म्हणून सोडायची नाही, तिलाच सगळ्यात जास्त गरज आहे. एचआयव्ही असेल किंवा किडनी बदललेली असेल तर अंतर कमी, तुमच्या डॉक्टरला विचारा.

छातीचं 74 पर्यंत चालू ठेवावं असं बऱ्याच ठिकाणी धरतात, तब्येत धडधाकट असेल तोवर.

पुढच्या तपासणीला येताना काय करायचं?

आधीचे दोन दिवस संबंध नको, आत गोळी किंवा क्रीम नको, पाण्याचा फवारा मारून धुवायचं नाही. पाळी येत असेल तर पाळीचे दिवस सोडून या. पिशवीच्या ऑपरेशनचं कार्ड, जुना पॅप, जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म, जे असेल ते घेऊन या, फिल्म तर नक्कीच, कारण जुन्या फोटोशी नवा ताडून बघितला की निम्म्या शंका तिथेच मिटतात. सुटं लुगडं किंवा साडी आणि वेगळा ब्लाऊज बरा पडतो, छाती तपासताना सोपं जातं. कार्डावर मोबाईल नंबर चालू असलेला द्या, बऱ्याचदा मुलाचा दिलेला असतो आणि तो पुण्याला नाहीतर सुरतला कामावर असतो, रिपोर्ट आला की आम्ही फोन करत बसतो आणि बाईपर्यंत निरोप पोचतच नाही. शेजारणीचा द्या, आशाताईचा द्या, पण जो उचलला जाईल तोच द्या.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि पुढे कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत त्याचा इलाज बसतो, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार दोन्हीवर नाव सारखं आहे का ते आधीच बघून ठेवा, ऐनवेळी एका अक्षरासाठी चकरा माराव्या लागतात.